भोकांच्या कार्डाचा माग आणि कॉम्प्युटर: एका प्रतिक्रियेला उत्तर

> «जॅकार्डचा माग म्हणजे पहिला कॉम्प्युटर, हे व्हॉट्सअ‍ॅप-ज्ञान झालं. मागात ना गणित, ना निर्णय. आणि होलेरिथला कार्डाची कल्पना रेल्वेच्या तिकिटावरून सुचली होती. मग मागाचं कौतुक कशाला?»

ही प्रतिक्रिया आली ती माझ्या ‘पहिला कॉम्प्युटर’ या लेखावर. त्यात मी जॅकार्ड या फ्रेंच विणकराच्या मागाचा दुवा अमेरिकेच्या जनगणनेसाठी यंत्रं बनवणाऱ्या होलेरिथच्या कार्डांशी जोडला होता. तिकिटाचं तुमचं खरं आहे. होलेरिथच्या कार्डावर माणसांची माहिती असायची, यंत्रासाठीचे हुकूम नव्हे, म्हणून तो दुवा मी मागे घेतो. मागाला निर्णय घेता येत नव्हता, हेही मान्य.

पण माग काय करत होता ते जरा जवळून पाहा. समजा, आठच सुया आहेत आणि कार्डावर १, ४, ५, ८ या जागी भोकं आहेत. कार्ड सुयांवर दाबलं की त्या चार सुया भोकातून आरपार जातात आणि त्यांना जोडलेले आकडे, म्हणजे धागे उचलणारे हुक, पातीवर अडकलेले राहतात. पाती वर उचलली की त्यांचे उभे धागे वर येतात. बाकीच्या चार सुया मागे ढकलल्या जातात, त्यांचे आकडे पातीवरून सुटतात आणि धागे खालीच राहतात. मधून धोटा गेला की एक आडवा धागा विणून झाला, मग पुढचं कार्ड. नक्षी बदलायची तर कार्डांची माळ बदलायची, मागाला हात लावायचा नाही.

चूक शोधायची रीतही पाहण्यासारखी आहे. सुई वाकली तर कापडात उभी रेघ लांबवर चालत जाते. भोक चुकलं असेल तर ठिपका नक्षीच्या प्रत्येक फेरीत त्याच जागी येतो. म्हणजे दोष यंत्राचा की कार्डाचा, हे कापडच सांगतं.

आता इंग्रज गणिती बॅबेज. त्याच्या अ‍ॅनालिटिकल इंजिनात, म्हणजे त्याने आखलेल्या आपोआप हिशेब करणाऱ्या यंत्रात, हुकूम देण्यासाठी आधी खुंट्या लावलेला पिंप होता, संगीतपेटीत असतो तसा. पिंपावर खुंट्या मावणार किती? १८३६ मध्ये तो जॅकार्डच्या कार्डांकडे वळला, कारण माळ हवी तेवढी लांबवता येते. जॅकार्डचंच रेशमी चित्र १८३९ मध्ये सुमारे २४,००० कार्डं लावून विणलं गेलं, आणि त्याची एक प्रत बॅबेजकडे होती. पिंप त्याने टाकून दिला नाही. यंत्राच्या आतल्या बारीक हालचालींसाठी तो राहिलाच. क्रियेची कार्डं वेगळी आणि कोणत्या संख्येवर क्रिया करायची ती वेगळी, अशी वाटणी त्याने केली.

तुमच्या मुख्य मुद्द्याचं उत्तर इथे आहे. मागाची माळ एरवी पुढेच फिरते. बॅबेजने ती मागे फिरवण्याची सोय आखली आणि ती हिशेबाच्या निकालावर अवलंबून ठेवली. वजाबाकीचं उत्तर शून्याखाली गेलं, तर यंत्र वेगळ्या वाटेने जावं. निर्णय आला तो इथे, मागावर नव्हे. आणि हे इंजिन पूर्ण बांधलं गेलंच नाही, ते राहिलं आराखड्यांत आणि एडा लव्हलेसने त्यावर लिहिलेल्या १८४३ च्या टिपांत.

तेव्हा ‘पहिला कॉम्प्युटर’ हे शीर्षक आज बदलतो. ‘कार्डाने चालणारा माग’ पुरे.