वासरू एक, मग देव अनेक कसे?

हिब्रू बायबलमधल्या ‘एलोहीम’ म्हणजे ‘देव’ या शब्दाचं रूप अनेकवचनी आहे. शेवटचा ‘ईम’ हा पुल्लिंगी अनेकवचनाचा प्रत्यय. तरी बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात क्रियापद ‘बारा’, म्हणजे ‘त्याने निर्माण केलं’, असं एकवचनी येतं. यालाच आदरार्थी किंवा महत्त्वदर्शक अनेकवचन म्हणतात. आपल्या ‘बाबा आले’शी ते जुळतं असं वाटतं, पण गंमत उलटी आहे: आपण आदर क्रियापदातून दाखवतो, हिब्रूत नाम मोठं होतं आणि क्रियापद बहुधा एकवचनीच राहतं. म्हणून एक देव की अनेक, हे ठरवताना नामाकडे नव्हे, त्याच्या क्रियापदाकडे, विशेषणाकडे आणि सर्वनामाकडे आधी बघायचं.

आता ‘निर्गम’ या दुसऱ्या पुस्तकातलं 32:4 घ्या. मोशेचा भाऊ अहरोन याने सोन्याचं एकच वासरू घडवलंय आणि लोक म्हणतात, ‘हे इस्राएला, हे तुझे देव, ज्यांनी तुला मिसरातून आणलं.’ इथे ‘एल्ले’ (हे) हे सर्वनाम आणि ‘आणलं’ हे क्रियापद, दोन्ही अनेकवचनी आहेत. याच अध्यायाच्या सुरुवातीला, 32:1 मध्ये, लोक देव मागतात तेव्हाही ‘पुढे चालतील’ हे क्रियापद अनेकवचनीच आहे. पण नहेम्या 9:18 मध्ये हाच प्रसंग सांगताना तेच वाक्य एकवचनी होतं: ‘हा तुझा देव’.

वासरू एकच आहे आणि अहरोन दुसऱ्या दिवशीचा सण परमेश्वरासाठी जाहीर करतो, म्हणून काही आधुनिक भाषांतरं निर्गमातही एकवचन घेतात. युक्तिवाद कच्चा नाही. तरी मला तो पटत नाही. 1 राजे 12:28 मध्ये इस्राएलचा राजा यराबाम सोन्याची दोन वासरं करतो, एक बेथेलला आणि एक दानला, आणि जवळपास हेच शब्द उच्चारतो. निर्गमातलं अनेकवचन त्या वासरांकडे बोट दाखवतं, असं अनेक अभ्यासक मानतात. एकवचन केलं की हा धागाच तुटतो. नहेम्यात मात्र एकवचनच ठेवावं. दोन्ही ठिकाणं एकसारखी करणं हे भाषांतरकाराचं काम नव्हे.

क्रियापदाचा नियमही शेवटचा शब्द नाही. उत्पत्ती 20:13 मध्ये अब्राहाम ‘देवाने मला घरापासून भटकायला लावलं’ म्हणतो, तिथे क्रियापद अनेकवचनी आहे. पण अब्राहामाला घराबाहेर काढणारा कोण, हे त्या कथेत स्पष्ट आहे, म्हणून तिथे एकवचनच. तो परक्या राजाशी, अबीमलेखाशी बोलतोय म्हणून तसं रूप आलं असावं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘देव’ दोन्ही वचनांत सारखाच, आणि ‘हे तुझे देव, ज्यांनी’ हे एका देवाबद्दल आदराने म्हटल्यासारखंही वाचता येतं. म्हणून निर्गमात मी ‘हेच ते तुझे सगळे देव’ असंही करणार नाही, कारण ‘सगळे’ मुळात नाही. ‘हे तुझे देव’ ठेवून खाली तळटीप द्यावी: मुळात अनेकवचन, ताडून पाहा 1 राजे 12:28.