मेटा-लर्नरपर्यंत लेबल पोहोचतं ते कुठून

दावा असा फिरतोय: “स्टॅकिंगसाठी फोल्डची भानगड कशाला? सगळी बेस मॉडेल्स पूर्ण ट्रेनिंग डेटावर फिट करा, त्याच डेटावरची त्यांची प्रेडिक्शन्स काढा आणि मेटा-मॉडेलला द्या. मेटा-मॉडेल म्हणजे साधं लिनियर किंवा लॉजिस्टिक रिग्रेशन, दोन-चार वजनं. ते काय ओव्हरफिट होणार? टेस्ट सेट तर वेगळाच ठेवलाय, मग लीक होतं कुठून? आणि एवढीच धास्ती असेल तर ब्लेंडिंग करा, विषय संपला.”

स्टॅकिंग म्हणजे अनेक बेस मॉडेल्सची प्रेडिक्शन्स एका वरच्या मॉडेलला देऊन त्यांतून अंतिम उत्तर काढणं. ते वरचं मॉडेल म्हणजे मेटा-मॉडेल किंवा मेटा-लर्नर. त्याच्यासमोर प्रत्येक ओळीसाठी दोनच गोष्टी येतात: बेस मॉडेल्सची प्रेडिक्शन्स आणि त्या ओळीचं खरं लेबल. त्यावरून त्याला ठरवायचं असतं की कोणत्या मॉडेलवर किती विसंबायचं. हा भरवसा वापरायचा आहे तो बेस मॉडेल्सनी कधीच न पाहिलेल्या ओळींवर. म्हणून शिकतानाही त्याला बेस मॉडेल्सचं न पाहिलेल्या ओळींवरचं वागणंच दिसायला हवं. ते दिसत नसेल तर काय होतं, हे सहा ओळींत हाताने मोजता येतं.

एकच फीचर घेऊ. x च्या किमती १.०, २.२, ३.०, ४.१, ५.०, ६.४ आणि त्यांची लेबलं अनुक्रमे ०, ०, १, ०, १, १. बेस मॉडेल्स दोन. पहिलं नियरेस्ट नेबर, k = १: सर्वांत जवळच्या ओळीचं लेबल तेच उत्तर. दुसरं नियरेस्ट सेंट्रॉइड: दोन्ही वर्गांची सरासरी काढायची आणि जी जवळ पडेल तो वर्ग सांगायचा.

आता दाव्यात सांगितल्याप्रमाणे त्याच सहा ओळींवर प्रेडिक्शन काढू. नियरेस्ट नेबरला प्रत्येक ओळीची सर्वांत जवळची ओळ म्हणून ती स्वतःच सापडते, अंतर शून्य. त्यामुळे त्याचं उत्तर म्हणजे त्या ओळीचं लेबल, जसंच्या तसं. सहापैकी सहा बरोबर. सेंट्रॉइडच्या सरासऱ्या साधारण २.४३ आणि ४.८, मधली सीमा ३.६२. त्यामुळे ३.० आणि ४.१ या ओळी चुकतात. सहापैकी चार बरोबर. मेटा म्हणून लिनियर रिग्रेशन लावलं तर ते नियरेस्ट नेबरला वजन १ देईल, सेंट्रॉइडला ०, आणि चूकही शून्य. दुसरं उत्तर शक्यच नाही, कारण नियरेस्ट नेबरचा कॉलम आणि लेबलचा कॉलम एकच आहेत.

हेच आउट-ऑफ-फोल्ड करू. फोल्ड म्हणजे डेटाचा आळीपाळीने बाजूला ठेवलेला तुकडा. ओळी सहाच आहेत, म्हणून दर वेळी एक ओळ बाजूला ठेवायची, उरलेल्या पाचांवर मॉडेल फिट करायचं आणि बाजूला ठेवलेल्या ओळीवर प्रेडिक्शन घ्यायचं. नियरेस्ट नेबरची उत्तरं आता ०, १, ०, १, ०, १ अशी येतात. २.२ ची सर्वांत जवळची ओळ ३.० आहे, तिचं लेबल १, म्हणून चूक. ३.० ची जवळची २.२, पुन्हा चूक. ४.१ आणि ५.० एकमेकांना चुकवतात. फक्त दोन्ही टोकं बरोबर, म्हणजे सहापैकी दोन. सेंट्रॉइडची उत्तरं मात्र ०, ०, ०, १, १, १ अशीच राहतात, सहापैकी चार.

जे मॉडेल ‘सहापैकी सहा’ वाटत होतं ते न पाहिलेल्या ओळींवर दोनवर आलं, आणि चारवालं चारवरच राहिलं. या नव्या कॉलमवर तेच लिनियर रिग्रेशन, इंटरसेप्टसह, चालवलं तर सेंट्रॉइडला +०.५ आणि नियरेस्ट नेबरला −०.५ असं वजन मिळतं. वजनं ऋण येऊ द्यायची नाहीत अशी अट घातली, तर नियरेस्ट नेबर थेट शून्यावर जातं आणि सेंट्रॉइडला एक तृतीयांश मिळतं. संख्याशास्त्रज्ञ लिओ ब्राइमन यांनी १९९६ साली रिग्रेशनच्या स्टॅकिंगसाठी क्रॉस-व्हॅलिडेशनच्या प्रेडिक्शन्सवर हीच ऋण-नको अट सुचवली होती. सहा ओळींवरून कोणतं मॉडेल चांगलं हे अर्थातच ठरवू नये. पाहायचं ते एवढंच की दोन पद्धतींनी दिलेला भरवसा अगदी उलटा आला.

आता मेटा-मॉडेलच्या साधेपणाचा मुद्दा. वरच्या उदाहरणात मेटा-मॉडेलकडे मोजून दोन वजनं आणि एक इंटरसेप्ट होता, तरी ते फसलं. ओव्हरफिटिंगची आपली सवयीची कल्पना अशी की पॅरामीटर फार असले की मॉडेल नॉइज पाठ करतं. इथे पाठांतर बेस मॉडेलने केलंय आणि मेटापर्यंत त्याचा निकाल एका कॉलममधून पोहोचलाय. मेटाने आपल्या परीने अगदी योग्य निर्णय घेतला. त्याला दिलेला पुरावाच खोटा होता. म्हणून मेटाचं रेग्युलरायझेशन वाढवून हा रोग जात नाही. रिजने वजनं आकसतात, पण जो कॉलम लेबलची नक्कल आहे त्याला सर्वांत मोठं वजन मिळतच राहतं.

‘नियरेस्ट नेबर हे टोकाचं उदाहरण झालं’ असं कुणी म्हणेल. मग रँडम फॉरेस्ट घ्या. पूर्ण खोलीपर्यंत वाढवलेल्या फॉरेस्टमध्ये प्रत्येक झाड बूटस्ट्रॅप नमुन्यावर वाढतं, आणि कोणतीही एक ओळ सुमारे ६३ टक्के झाडांच्या नमुन्यात असते. त्या झाडांत ती ओळ शुद्ध पानात जाऊन बसते, म्हणजे ती झाडं तिचं स्वतःचं लेबलच परत सांगतात. समजा लेबलं पूर्ण यादृच्छिक आहेत, दोन वर्ग निम्मे-निम्मे, आणि फीचर्समध्ये काहीही माहिती नाही. तरी उरलेल्या ३७ टक्के झाडांपैकी जवळपास निम्मी योगायोगाने बरोबर येतील, म्हणजे खऱ्या लेबलच्या बाजूने एकूण ८० टक्क्यांच्या आसपास मतं पडतील. ट्रेनिंगवरची ए.यू.सी., म्हणजे दोन वर्ग किती वेगळे ओळखता येतात ते मोजणारा आकडा, जवळपास १, आणि नव्या ओळींवर ०.५. शेजारी एखादं प्रामाणिक लॉजिस्टिक रिग्रेशन बसलेलं असेल, तर मेटा ते बाजूला सारून सगळा भार फॉरेस्टवर टाकेल. जे मॉडेल जास्त पाठ करतं त्यालाच जास्त वजन, अशी ही रचना होऊन बसते. (फॉरेस्टच्या बाबतीत एक सोय आहे: `oob_score=True` दिलं की `oob_decision_function_` मध्ये प्रत्येक ओळीला फक्त तिला न पाहिलेल्या झाडांची मतं मिळतात. स्टॅकिंगसाठी तो कॉलमही चालतो.)

टेस्ट सेट वेगळा ठेवला होता हे बरोबरच आहे, आणि त्यामुळे टेस्टवरचा आकडा खरा येतो. पण तो चुकीची वजनं घेतलेल्या एन्सेम्बलचा खरा आकडा असतो. लेबलचं लीक बेस पातळीवरून मेटाच्या ट्रेनिंगमध्ये झालंय आणि टेस्ट सेटला त्याचा स्पर्शही नाही. म्हणून तो ते दाखवतो, थांबवत नाही. याहून घातक वापर म्हणजे गळक्या कॉलमवर मेटाचं क्रॉस-व्हॅलिडेशन करून त्या आकड्यावर मॉडेल निवडणं. तिथे मेटाचे फोल्ड कितीही काटेकोर पाडा, प्रत्येक ओळीचं लेबल तिच्या फीचरमध्ये आधीच उतरलेलं असतं.

हे ओळखणं सोपं आहे. प्रत्येक बेस मॉडेलचा मेटाला दिलेला कॉलम घ्या आणि त्यावर एकट्याची ए.यू.सी. काढा. मग त्याच मॉडेलची टेस्टवरची ए.यू.सी. काढा. आउट-ऑफ-फोल्ड कॉलममध्ये हे दोन आकडे जवळजवळ असतात. एका बाजूला ०.९९ आणि दुसरीकडे ०.७५ दिसलं तर तो कॉलम गळका आहे.

आउट-ऑफ-फोल्ड काढायला दोन ओळींचं काम:

```python
folds = StratifiedKFold(n_splits=5, shuffle=True, random_state=0)
oof = cross_val_predict(model, X, y, cv=folds, method="predict_proba")[:, 1]
```

सर्व बेस मॉडेल्सना तेच `folds` द्या, त्यांचे कॉलम शेजारी-शेजारी ठेवा आणि त्यावर मेटा शिकवा. नव्या डेटासाठी बेस मॉडेल्स पूर्ण ट्रेनिंगवर पुन्हा फिट करा. scikit-learn मधलं `StackingClassifier` मुळात हेच करतं. त्यात `cv="prefit"` दिलं की मात्र आधीच फिट केलेली मॉडेल्स जशीच्या तशी वापरली जातात. ती याच डेटावर फिट केलेली असतील, तर वरच्या दाव्यातलीच पद्धत एका पर्यायाआडून परत येते.

इथे विरोधकांच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. मेटा शिकलं ते ८० टक्के डेटावरच्या पाच मॉडेल्सच्या प्रेडिक्शन्सवर, आणि वापरलं जाणार १०० टक्क्यांवरच्या मॉडेलसोबत. दोन्ही तंतोतंत सारखी नाहीत. पण हा फरक सहसा किरकोळ असतो आणि बेस मॉडेल थोडं कमकुवत दिसण्याच्या दिशेने जातो. फार खटकत असेल तर फोल्ड दहा करा, किंवा पुन्हा फिट न करता पाचही मॉडेल्सच्या टेस्टवरच्या प्रेडिक्शन्सची सरासरी घ्या.

ब्लेंडिंगने लीक टळतं, हे मान्य. ट्रेनिंगचा एक तुकडा बाजूला ठेवायचा, बेस मॉडेल्स उरलेल्यावर फिट करायची आणि मेटा त्या तुकड्यावर शिकवायचं. पण विषय संपत नाही. १०,००० ओळींतल्या १० टक्के ठेवल्या तर मेटाला १,००० ओळी मिळतात, आणि घटना ३ टक्केच असेल तर त्यांत ३० घटना. पाच मॉडेल्सची वजनं ३० घटनांवर ठरवायची म्हणजे सीड बदललं की वजनंही बदलणार. आउट-ऑफ-फोल्डमध्ये मेटाला सगळ्या १०,००० ओळी आणि ३०० घटना मिळतात. शिवाय हा तुकडा एकदाच कोरा असतो. बूस्टिंगचं अर्ली स्टॉपिंग, म्हणजे झाडं वाढवणं कुठे थांबवायचं ते ठरवणं, त्यावर केलं, किंवा त्याच्याकडे पाहून फीचर्स निवडली, की त्याची लेबलं बेस मॉडेलपर्यंत पोहोचली.

तोच धोका फोल्डमध्येही आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गळती आज इथेच होते. बाजूच्या फोल्डवर अर्ली स्टॉपिंग करून त्याच फोल्डचं प्रेडिक्शन आउट-ऑफ-फोल्ड म्हणून जमा करणं सर्रास दिसतं. झाडांची संख्या त्या फोल्डच्या लेबलांकडे पाहून ठरलेली असते. थांबण्याची जागा ट्रेनिंगच्या चार फोल्डमधूनच काढलेल्या तुकड्यावर ठरवावी. टार्गेट एन्कोडिंग, म्हणजे कॅटेगरीच्या जागी तिच्या लेबलांची सरासरी ठेवणं, पूर्ण डेटावर एकदाच केलं, तर प्रत्येक कॅटेगरीच्या सरासरीत बाजूच्या ओळीचं लेबलही मिसळतं. एकच ओळ असलेल्या कॅटेगरीत तर ती सरासरी म्हणजे ते लेबलच. ते `Pipeline` मध्ये घालून प्रत्येक फोल्डमध्ये नव्याने फिट करावं लागतं. एकाच रुग्णाच्या अनेक ओळी असतील तर `GroupKFold`, नाहीतर त्याची एक ओळ ट्रेनिंगमध्ये आणि दुसरी बाजूला पडते. काळानुसार येणाऱ्या डेटात भूतकाळावर शिकून भविष्यावर प्रेडिक्शन काढावं. त्यात सुरुवातीच्या ओळींना आउट-ऑफ-फोल्ड प्रेडिक्शन मिळतच नाही, आणि मेटाच्या ट्रेनिंगमधून त्या सोडून द्याव्या लागतात.