‘दस्त झाला म्हणजे वाटणी झाली नाही’ या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “लेख वाचला. निव्वळ घाबरवण्याचा धंदा आहे. वाटणीपत्र रजिस्टर झालं की फेरफार आपोआप होते, आता सगळं ऑनलाईन आहे. तलाठी फेरफार मंजूर करतो हे तर साफ चूक. कलम 85 खाली तहसीलदाराकडं अर्ज केला तर दस्ताचीही गरज नाही, त्यावर एक ओळ नाही. खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांना वावरातलं काय कळणार?”

भाऊ,

आधी तुमची बरोबर असलेली गोष्ट मान्य करतो. फेरफार तलाठी मंजूर करत नाही. तो नमुना 6 च्या नोंदवहीत नोंद घेतो, संबंधितांना नोटीस काढतो आणि प्रमाणित करतात मंडळ अधिकारी. माझ्या लेखात एका वाक्यात ते चुकलं होतं, आज सकाळी दुरुस्त केलं. आमच्याकडं आजही लोक त्याला पटवारीच म्हणतात आणि सगळं त्याच्याच हातात आहे असं समजतात. तीच सवय माझ्या लिहिण्यात आली.

पण ‘धंदा’ हा शब्द मला लागला. या लेखातून मला एक रुपया मिळालेला नाही. आणि खुर्चीचं म्हणाल तर माझा बाप दारव्हा तालुक्यात कोरडवाहू कापूस पिकवत गेला आणि बारावीपर्यंत मी त्याच वावरात डवरा धरला. मतभेद असावेत, पण माणूस कोण आहे हे न विचारता त्याला खुर्चीत बसवून मोकळं होणं बरोबर नाही.

आता तुमच्या ‘आपोआप’बद्दल. त्या एका शब्दानं आमच्या घरची तीन वर्षं घेतली.

बाबांच्या पश्चात आम्ही चौघं, दादा, मी, मधला भाऊ आणि ताई. वारसाची फेरफार आधीच झालेली होती, सातबाऱ्यावर चौघांची नावं सामाईक होती. 2017 च्या मे महिन्यात, पेरणीच्या आधी, चौघांनी मिळून रजिस्टर वाटणीपत्र केलं. ताईनं हक्कसोड करावी असं नातेवाइकांतले काही म्हणत होते. दादानं ते ऐकलं नाही, तिला पूर्ण हिस्सा दिला. भांडण नव्हतं, कोर्ट नव्हतं. दस्त हातात आला, पेढे वाटले आणि आम्ही घरी आलो. नोंद आपोआप होईल, असं तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसानंही सांगितलं होतं. शब्द अगदी तुमचाच.

नोंद खरंच आपोआप निघाली. नोंदणीची सूचना महसूल खात्याकडं जाते, ती आमचीही गेली, पटवाऱ्यानं नमुना 6 ला नोंद धरली, नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले. इथपर्यंत तुमचं खरं आहे. पण मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद नामंजूर केली. शेरा होता, ‘दस्तातील क्षेत्र अधिकार अभिलेखाशी जुळत नाही.’

का जुळत नव्हतं ते नीट सांगतो, कारण लेखाचा सगळा भार त्यावरच होता आणि तुम्ही त्याला हातही लावला नाही. आमच्या गटाचं सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र 3.24 हेक्टर, म्हणजे आठ एकर. त्यातलं लागवडीयोग्य 3.04 आणि पोटखराबा 0.20, नाल्याकाठची दगडगोट्याची पट्टी. दस्त लिहिणाऱ्यानं लागवडीयोग्य क्षेत्राचे चार भाग केले, प्रत्येकाला 0.76. बेरीज 3.04. नाल्याची पट्टी कोणाच्याच वाट्याला लिहिली गेली नाही, म्हणजे कागदावर 0.20 हेक्टर जमीन मालकाविना राहिली. असा दस्त सातबाऱ्यावर उतरवायचा कसा? अधिकाऱ्याची चूक नव्हती, आमच्याच दस्तात खोट होती.

आणि हे आम्हाला कळलं केव्हा? जवळजवळ वर्षभरानं. दादा 2018 च्या हंगामासाठी पीककर्जाला बँकेत गेला, तेव्हा सातबाऱ्यावर जुनीच चार सामाईक नावं. त्याच वर्षी बोंडअळीचं अनुदान आलं, तेही सामाईक खात्यावर, चौघांच्या संमतिपत्राशिवाय हलेना. प्रांताकडं अपिलाची साठ दिवसांची मुदत कधीच संपली होती. मुदत असती तरी उपयोग नव्हता, कारण नामंजुरी योग्यच होती. उपाय एकच, रजिस्टर चूकदुरुस्ती लेख, आणि त्यावर मूळ दस्तातल्या चौघांच्याही सह्या.

ताई सुरतेला. दिवाळीला येते म्हणाली. दिवाळी झाली आणि मधला भाऊ दवाखान्यात गेला. डिसेंबरात तो गेला.

मग आधी त्याची वारस फेरफार, वहिनी आणि त्यांची दोन सज्ञान मुलं. आता दुरुस्तीवर सहा जणांच्या सह्या. वहिनींच्या माहेरच्यांना वाटलं की नवरा गेल्यावर कोऱ्या स्टँपवर सही घेताहेत. वाटणीच्या वेळी जे भांडण झालं नव्हतं, ते त्या 0.20 हेक्टर दगडांवरून झालं. शेवटी नाला प्रत्यक्षात जिथं आहे तसंच लिहिलं. तो ताईच्या आणि मधल्या भावाच्या वाट्यातून जातो, म्हणून त्या दोघांना पोटखराबा धरून 0.86 आणि दादाला व मला 0.76. बेरीज 3.24. 2020 ला नोंद प्रमाणित झाली.

यात मी कोणाला घाबरवलं ते सांगा. लेखात मी इतकंच म्हणालो होतो की दस्त झाल्यावर महिन्या-दीड महिन्यानं ‘आपली चावडी’ या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून स्वतःच्या नोंदीची स्थिती बघा. प्रमाणित दिसली तर नवा सातबारा आणि 8-अ काढून नाव आणि क्षेत्र ताडा. नामंजूर असेल तर शेरा वाचा, कारण साधी हातचूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली ती दुरुस्त होते, खोट दस्तातच असेल तर होत नाही. याला तुम्ही कचेरीच्या फेऱ्या समजत असाल तर त्या मोबाइलवर होतात.

अजून एक, कारण तुमच्यासारखेच बरेच जण इथं फसतात. नोंद प्रमाणित झाली म्हणजे वावरात धुरा पडला असं नाही. आमच्या सातबाऱ्यावर गट एकच राहिला, फक्त प्रत्येकाच्या नावापुढं त्याचं क्षेत्र आलं. स्वतंत्र पोटहिस्सा आणि वेगळा सातबारा हवा असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून आकारफोड व्हावी लागते. दादाच्या आणि माझ्या मधल्या धुऱ्यावरची दोन बाभळं कोणाची, हे मोजणीचा दगड रोवला तेव्हाच ठरलं.

कलम 85 चं म्हणाल तर तो वेगळा रस्ता आहे, सगळ्या सहधारकांची संमती असेल तर चांगला आहे, त्यावर वेगळं लिहीन. पण क्षेत्राची बेरीज तिथंही जुळावीच लागते.

तुमची प्रतिक्रिया काढत नाही, तशीच ठेवतो. फक्त एक करा. तुमच्या घरचं वाटणीपत्र आणि आजचा सातबारा शेजारी ठेवा, सगळे हिस्से जोडा, पोटखराबा धरून एकूण क्षेत्राशी लावून पाहा, आणि किती येतं ते इथंच लिहा.