अडकलेले दोनशे दिरहम

परदेशातून आलेल्या माणसाला लोक बुर्ज खलिफा किती उंच आहे ते विचारतात. निघताना बँकेतून परकीय चलन भरून नेलेल्या फॉरेक्स कार्डावर किती उरलं, हे कुणी विचारत नाही. परभणीत तर नाहीच नाही. आमच्या गल्लीत मी खजूर वाटले, अत्तर वाटलं, फोटो दाखवले; पण ज्या २३७ दिरहम ५० फिल्ससाठी मी पुढचे कित्येक दिवस बँकेचा उंबरा झिजवला, त्यांची चौकशी कुणीच केली नाही. म्हणून इथे सांगतो.

मेव्हणा दुबईत असतो. तिथल्या देरा भागात सहा जणांत एक खोली, त्यामुळे आम्ही उतरलो हॉटेलात. हॉटेलवाल्याने खोलीची किल्ली देण्याआधी कार्ड मागितलं आणि म्हणाला, दोनशे दिरहम अनामत. मेव्हणा म्हणाला, “द्या दाजी, हे पैसे कापत नाहीत, नुसते अडकवतात.” अगदी खरं बोलला. कापलेले पैसे निदान गेले म्हणून समजतात. अडकवलेले पैसे ॲपमध्ये दिसतात, आपलेच असतात, आणि वापरता येत नाहीत. कार्डावर शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक अशा दोन रकमा असतात, आणि खरेदीला दुसरीच उपयोगी पडते.

हे कळलं शेवटच्या दिवशी, अत्तराच्या दुकानात. बिल २६२ दिरहम ५० फिल्स. कार्डावर हॉटेलने धरलेले दोनशे तेवढे उरलेले, म्हणजे ॲपमध्ये दोनशे आणि वापरायला शून्य. मशीनने कार्ड नाकारलं. मागे रांग, पुढे बायको, आणि अत्तराची पिशवी तिच्या हातात. अशा वेळी माणूस जे करतो ते मी केलं: तिथंच उभ्या उभ्या मोबाईलवरून कार्डात तीनशे दिरहम रिलोड केले. त्या दिवशी बँकेचा विक्रीचा दर एका दिरहमला २४ रुपये १० पैसे होता. म्हणजे ७,२३० रुपये. वर रिलोडची फी शंभर, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ११८. आणि चलन बदलून दिल्याबद्दल निराळा जीएसटी ४५ रुपये.

हे पंचेचाळीस मला आधी टायपिंगची चूक वाटले. चूक नव्हती. एक लाखापर्यंतचं चलन बदललं की बदललेल्या रकमेच्या एक टक्का हीच सेवेची किंमत धरतात, पण ती कमीत कमी २५० रुपये, आणि त्यावर अठरा टक्के कर. त्यामुळे तुम्ही पंचवीस हजारांचं चलन घ्या नाहीतर पंचवीस रुपयांचं, कर पंचेचाळीसच. गरीब-श्रीमंत असा भेद सरकारने इथे अजिबात ठेवलेला नाही.

अत्तर घेऊन साडेसदतीस दिरहम उरले. हॉटेल सोडताना न उघडलेल्या पाण्याच्या बाटलीचे सहा दिरहम लावले, ते मेव्हण्याने आमच्याच कार्डावर लावून घेतले आणि त्याच दमात हॉटेलवाल्यांशी भांडायला सुरुवात केली. ते भांडण आम्ही विमानात बसलो तरी चालूच होतं. तूर्तास उरले साडेएकतीस. अनामत सोडली म्हणून हॉटेलने सांगितलं. पण हॉटेलने सोडणं वेगळं आणि बँकेच्या खात्यात ते दिसणं वेगळं. आम्ही हैदराबादला उतरून परभणीला आलो, खजूर संपले, तेव्हा कुठे ते दोनशे मोकळे झाले. मधेच मेव्हणाही जिंकला आणि सहा दिरहम परत आले. तर असे झाले २३७ दिरहम ५० फिल्स.

आता हे कार्ड भारतात चालत नाही. नेपाळ-भूतानमध्येही नाही. परत आल्यावर उरलेलं परकीय चलन १८० दिवसांत जमा करायचं असतं. दोन हजार डॉलरपर्यंतचं पुढच्या प्रवासासाठी ठेवता येतं. आमचा पुढचा प्रवास जिंतूरपर्यंतचा. शिवाय आमच्या कार्डाच्या दरपत्रकात बारीक अक्षरात लिहिलं होतं की सहा महिने व्यवहार झाला नाही तर निष्क्रियतेची फी, पाच डॉलर. काहीच न केल्याची फी.

बँकेतल्या पोरीने फॉर्म दिला. सोबत पासपोर्टची झेरॉक्स, भारतात परतल्याचा शिक्का दिसेल असं पान, पॅन कार्ड आणि रद्द केलेला चेक. मग तिने आत फोन लावला आणि म्हणाली, “काका, थोडं थांबावं लागंल. पाइपलाइनमधल्या व्यवहारांसाठी शंभर डॉलरपर्यंत रक्कम ठेवता येते आम्हाला.”

“कामून? तिथं आमचं काहीच बाकी नाही.”

“रिझर्व्ह बँकेचा नियम हाय ना. कुणी दुकानदारानं उशिरा बिल पाठवलं तर?”

नियम खरा आहे, मी पाहिला. शिल्लक मागताक्षणी परत द्यायची, पण मंजूर होऊन अजून न वळते झालेले पैसे, आणि वर उशिरा येणाऱ्या व्यवहारांसाठी जास्तीत जास्त शंभर डॉलर, व्यवहार वळते होण्याचा फेरा पूर्ण होईपर्यंत बँकेला राखता येतात. एका डॉलरला ३.६७ दिरहम. म्हणजे माझी अख्खी शिल्लक पासष्ट डॉलरची. राखीव म्हणून ठेवायच्या रकमेच्या आतच मी सगळाच्या सगळा बसलो होतो.

फेरा पूर्ण झाला. खरेदीचा दर लागला २२ रुपये ५० पैसे. पैसे घालताना २४.१०, काढताना २२.५०, मधले एक रुपया साठ पैसे कुठल्याच फीच्या तक्त्यात नसतात, म्हणून ते सर्वांत मोठे असतात. ५,३४३ रुपये ७५ पैसे झाले. त्यातून रिफंडची फी दीडशे अधिक जीएसटी, म्हणजे १७७. आणि पुन्हा ते पंचेचाळीस. खात्यात आले ५,१२१ रुपये ७५ पैसे. घालतानाच्या दराने याच दिरहमांचे ५,७२३ रुपये ७५ पैसे होत होते. सहाशे दोन रुपये जाण्यायेण्यात खर्च.

शेजारचे तलाठीकाका दरवर्षी मुलाकडे अबुधाबीला जातात. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “अनामत नोटांमध्ये द्यायची राव. खोली सोडताना हातात परत मिळते. आणि शेवटच्या दुकानात सांगायचं, कार्डावर जेवढे हायेत तेवढेच घे, बाकीचे रोख देतो. घेतात ते.” हे त्यांनी आम्ही जायच्या आधी, निरोप द्यायला स्टेशनवर आले तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा ते दुबईतल्या उन्हाबद्दल बोलत होते.

मी हिशोबाला बसलो. रिफंडला ठरलेला खर्च २२२ रुपये. म्हणजे कार्डावर साधारण दहा दिरहमपेक्षा कमी असतील तर परत मागणारा स्वतःच पैसे देणं लागतो.

हा हिशोब होतो न होतो तोच मोबाईल वाजला. अत्तरवाल्याने जास्तीचा घेतलेला काही कर परत केला होता. कार्डावर चार दिरहम जमा.

“आता?” मी बायकोला विचारलं.

“राहू द्या,” ती म्हणाली, “काहीच न केल्याची फी त्यातून घेतील.”