रसमची उकळी आणि वरच्या मजल्यावरचे काका

रसमला फेस धरायला लागला होता आणि नेमकी त्याच वेळी दाराची बेल वाजली. कुरिअरवाल्याला सही देऊन परत येईपर्यंत, पाणी कधी येणार हे विचारायला आलेल्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी माझा गॅस मोठा केला होता. न विचारता! पातेल्यात खदखद चालली होती आणि काका ओट्याला टेकून समाधानाने बघत होते.

"बारीकच ठेवला होतास की. कच्चं राहिलं असतं."

"काका, मिरी-जिरं शेवटी घालतात. त्यानंतर उकळायचं नसतं."

"अगं, उकळी फुटल्याशिवाय मसाल्याचा अर्क उतरतो का? आमच्याकडे कटाची आमटी कशी रटरटते, बघ एकदा येऊन."

कटाची आमटी रटरटू दे, तिला शोभतं. तिच्यात गोडा मसाला असतो, खोबरं असतं, डाळीचा दाट कट असतो. ती उकळून मुरते. तमिळ घरांतलं रसम पाण्यासारखं पातळ. त्याला लपायला जागाच नाही. पण काकांना काय त्याचं! त्यांनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "बघ, काय घमघमाट सुटलाय! जिन्यापर्यंत गेला असेल."

गेलाच होता, आणि दुखणं तेच आहे. मिऱ्याचा आणि जिऱ्याचा वास त्यांच्यातल्या हलक्या तेलांचा असतो. जोराच्या उकळीत ही तेलं वाफेवर स्वार होऊन निघून जातात. अत्तरवाले मुद्दाम हेच करतात, फक्त ते वाफ नळीतून धरून थंड करतात. आपण ती खिडकीबाहेर सोडतो आणि वर शेजाऱ्यांकडून शाबासकी घेतो. जितका घमघमाट जिन्यात, तितका कमी वाटीत. मिऱ्याचा तिखटपणा मात्र वाफेबरोबर जात नाही, तो पातेल्यातच राहतो. म्हणून खदखदलेलं रसम घशाला झोंबतं, पण नाकाला काही सांगत नाही. वरून थोडा कडवटपणाही येतो.

उकळायचं असतं ते आधी, आणि ते काकांनी समाधानाने बघावं इतकं उकळायचं असतं. चौघांसाठी सुपारीएवढी चिंच कपभर कोमट पाण्यात कोळून घ्यायची. त्यात दोन पिकलेले टोमॅटो हाताने कुस्करून घालायचे, हळद, मीठ, चिमूटभर हिंग, कढीपत्ता. हे आठ-दहा मिनिटं चांगलं उकळू द्यायचं. चिंचेचा हिरवट, कच्चा वास जाऊन आंबट-गोड वास येऊ लागला आणि टोमॅटोची सालं सुटून वर आली, की हे काम झालं. मग दोन मोठे चमचे शिजलेली तुरीची डाळ तीन कप पाण्यात घुसळून ओतायची. डाळ याहून जास्त झाली की रसमचं वरण होतं.

आता मसाला. एक चमचा मिरी, दीड चमचा जिरं, चार लसूण पाकळ्या, खलबत्त्यात भरड. मिक्सरमध्ये पीठ करू नये. बारीक पूड वास भराभर सोडते आणि रसम गढूळही करते. कुटायचंही तेव्हाच, सकाळी कुटून ठेवलेल्याचा उपयोग नाही. ही भरड घातली की गॅस मंद. दोन-तीन मिनिटांत कडेने पांढुरका फेस चढतो, मधोमध पृष्ठभाग नुसता थरथरतो. फेस मध्यापर्यंत आला की बंद. बुडबुडा फुटायच्या आत. वर साजूक तुपात मोहरी आणि एका सुक्या मिरचीची फोडणी, कोथिंबीर, आणि लगेच झाकण. पाच मिनिटं कोणी झाकण उचलायचं नाही, काकांनी तर नाहीच.

जुन्या तमिळ घरांत याच्यासाठी कथिलाचं भांडं असतं, ईयचोंबू. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून ते रिकामं चुलीवर ठेवायचंच नाही, आधी आत पाणी हवं. काही घरांत तर रसम दुसऱ्या भांड्यात करून शेवटी त्यात ओततात. अशा भांड्यापाशी माणूस आपोआप सांभाळून वागतो. माझं पातेलं स्टीलचं, त्यामुळे काकांना वाटेल ते करता आलं.

खदखदलेल्या रसमला थोडीफार डागडुजी करता येते. अर्धा चमचा मिरी-जिरं ताजं कुटायचं, कोमट तुपात क्षणभर परतायचं, गॅस बंद केलेल्या रसमवर ओतून झाकायचं. वास परत येतो, कडवटपणा तेवढा जात नाही. गेलेला गेला. उरलेलं रसम पुन्हा गरम करतानाही वाफ दिसू लागली की थांबायचं.

डागडुजी करायच्या आधीच काकांनी वाटी पुढे केली. दोन घोट घेतले, जरा विचार केला.

"चांगलंय. पण वास नाही गं तितका. मिरी जुनी वापरलीस का?"

संध्याकाळपर्यंत खाली काकूंनाही कळलं होतं, की माझ्याकडची मिरी जुनी आहे. पावकिलो, परवाच आणलेली आहे.