बावीस वस्त्यांची नावं आणि एक हिरवं गेट

आज सकाळी वहिनीने एक मसुदा पाठवला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. वहिनी घरी गणिताचा क्लास घेते, आठवी ते दहावी. क्लासच्या पोस्ट लिहायला तिने एका ओळखीच्या मुलाला सांगितलं होतं. त्याने लिहून दिलेली पोस्ट अशी: 'सर्वोत्तम गणित क्लास, माझ्या जवळ, तुमच्या जवळ', आणि त्याखाली गावातल्या वस्त्यांची नावं. मी मोजली. बावीस! त्यातल्या चार वस्त्या नदीपलीकडे आहेत. संध्याकाळी साडेपाचच्या बॅचला तिथून मूल यायचं तर त्याला शाळा अर्ध्यावर सोडावी लागेल.

वरून त्याचं म्हणणं, 'ताई, लोक near me टाकून शोधतात, मग आपण तेच लिहायचं.' अरे बाबा, शोधणाऱ्याने 'माझ्या जवळ' म्हटलं की त्याचा फोन कुठे आहे ते पाहिलं जातं आणि त्याच्या आसपासची ठिकाणं दाखवली जातात. आपण पोस्टमध्ये 'तुमच्या जवळ' लिहिल्याने आपण कुणाच्या जवळ कसे जाऊ? गुगलनेच सांगून ठेवलंय की जवळपासचे निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतात: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा मेळ किती, अंतर किती आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. यातलं अंतर लिहून कमी होत नाही. वहिनीचा क्लास पाण्याच्या टाकीमागे आहे आणि बावीस नावं लिहिली तरी तो टाकीमागेच राहणार.

मी इतकी का चिडते ते सांगते. गेल्या वर्षी वहिनीकडे एक बाई मुलीला घेऊन आल्या. राहायला दोन इमारती सोडून. मुलगी वर्षभर गावाच्या दुसऱ्या टोकाच्या क्लासला जात होती, जाऊन येऊन सव्वा तास. त्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या गच्चीवरचे कपडे मला स्वयंपाकघरातून दिसतात. क्लास मात्र कधी दिसला नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कपडे दिसले, क्लास नाही. वहिनी तेव्हाही पोस्ट टाकत होती बरं का! 'यशाची परंपरा', 'वैयक्तिक लक्ष', 'प्रवेश सुरू', मागे पुस्तक धरून हसणारा कुठलातरी गुळगुळीत मुलगा. पत्ता त्या चित्रातच, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. चित्रातली अक्षरं शोधात सापडतील या भरवशावर राहू नये, पत्ता मजकुरात लिहावाच लागतो. आणि तो पत्ता तरी कसा? वसाहतीचं कागदोपत्री नाव. ते विजेच्या बिलावर असतं, बाकी कुणी आयुष्यात उच्चारत नाही. सगळे म्हणतात 'टाकी'. रिक्षावाल्याला टाकी, पाहुण्यांना टाकी. त्या बाईंनी फोनवर काय टाकून शोधलं असेल? टाकी आणि गणित. आमच्या पोस्टमध्ये दोन्ही एकत्र कुठेच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला फोनवर रस्ता सांगतो तसं लिहा. लोकांच्या तोंडातलं नाव आधी, कागदावरचं नंतर, दोन्ही एकेकदा. वस्तीत नवे आलेले कागदावरचं नाव शोधतात, जुने टाकी शोधतात. दहा-दहा वेळा लिहायची गरज नाही, वाचणारा माणूस आहे.

हां, बावीस नावं लिहिणं काही धंद्यांना चालतं, हे मान्य. नळ दुरुस्त करणारा घरोघर जातो, त्याने कुठे कुठे जातो ते सांगावंच. गुगल मॅपवर आपल्या धंद्याची नोंद करता येते, तिच्यात त्यासाठी सेवाक्षेत्राची वेगळी जागा असते, वीसपर्यंत भाग टाकता येतात. पण ज्याच्याकडे गिऱ्हाईक चालत येतं त्याला एक दार पुरतं.

आणि दारावरून आठवलं. मॅपवरची ती लाल खूण! आमची खूण घराच्या मागच्या बाजूला पडली होती, नाल्याकडे. तिकडून आत यायला वाटच नाही, फक्त कुंपणाची भिंत. एका संध्याकाळी एक गृहस्थ मुलाला घेऊन भिंतीपलीकडे उभे आणि फोनवर विचारतायत, "मॅडम, मॅप म्हणतोय पोचलो, पण दार कुठाय?" वहिनी गच्चीवरून ओढणी हलवत होती. आतल्या मुलांचा गोंगाट त्यांना स्पष्ट ऐकू येत होता, पण येता येत नव्हतं. त्यांनी उजवीकडून वळसा घेतला, पण डावीकडून यायचं होतं. ते गेले ते आलेच नाहीत. त्या रात्री आम्ही नोंद उघडली आणि पत्त्याच्या जागी जाऊन खूण बोटाने ओढून गेटवर आणून ठेवली. दोन मिनिटांचं काम, कितीतरी महिने पडून राहिलेलं. पोस्टमध्ये कितीही छान रस्ता लिहा, खूण नाल्यात असेल तर माणूस नाल्याकडेच जाणार.

इथवर मी त्या मुलाला शिव्या घालतेय, पण एक कबुली द्यायला हवी. यातला सगळ्यात मोठा शहाणपणा माझा होता. दोन वर्षांपूर्वी मीच वहिनीला म्हटलं होतं, की नोंदीत नुसतं क्लासचं नाव नको, त्याला 'बेस्ट गणित ट्यूशन टाकी रोड' असं शेपूट लाव. लावलं. काही आठवडे खूष. मग एके दिवशी नोंद मॅपवरून गायब! नियम साधा आहे आणि तो आधी वाचायला हवा होता: नोंदीतलं नाव दारावरच्या पाटीसारखं हवं, त्यात गावाचं नाव किंवा 'बेस्ट' वगैरे घुसडलं तर नोंद स्थगित होऊ शकते. ऐन प्रवेशाच्या दिवसांत वहिनीचा क्लास जगाच्या लेखी नव्हता, आणि ती मला एका शब्दाने बोलली नाही. हे जास्त लागलं.

परत आणली ती अशी. आधी नाव पाटीबरहुकूम केलं. मग अपील. त्यात पुरावे जोडायचं पान उघडलं की तासाभरात ते चढवावे लागतात, त्यामुळे अपील करण्याआधीच सगळं फोनमध्ये तयार ठेवायचं. आम्ही पाटीचा फोटो, पाटीसकट गेटचा फोटो आणि त्या पत्त्यावरचं विजेचं बिल जोडलं. नोंद परत आली. शेपूट गेलं. ते शेपूट नावात नको होतं, पोस्टमध्ये आणि नोंदीच्या वर्गवारीत हवं होतं. शिकवणीची वर्गवारी नीट निवडली की अर्धं काम तीच करते.

तेव्हा त्या मुलावर फार चिडायचा मला हक्क नाही. त्याला कुणीतरी तसंच शिकवलंय. बावीस-तेवीस वर्षांचा असेल, प्रत्येक वस्तीचं नाव मेहनतीने टाईप केलंय बिचाऱ्याने. पण नदीपलीकडची चार नावं?? ते नाही पचत. मागे असाच एक फोन नदीपलीकडून आला होता, वहिनी वीस मिनिटं बोलली आणि शेवटी समोरून, 'अय्या, इतकं लांब होय!' त्या वीस मिनिटांत बाहेर बॅच खोळंबलेली.

दुपारी आम्ही दोघींनी बसून नवीन पोस्ट लिहिली. तशीच्या तशी देते:

'आठवी ते दहावी, फक्त गणित. पाण्याच्या टाकीच्या मागची दुसरी गल्ली, तळमजला, हिरवं गेट. टाकीच्या बस थांब्यावरून चालत चार मिनिटं, रस्ता ओलांडावा लागत नाही. सोमवार ते शुक्रवार, साडेपाच ते सात. एका बॅचला बारा मुलं, नववीच्या बॅचमध्ये सध्या तीन जागा. गल्लीत दिवे आहेत. बघायला यायचं असेल तर साडेचार ते सव्वापाच या वेळेत या, तेव्हा मी मोकळी असते.'

कागदावरचं नाव शेवटच्या ओळीत, पूर्ण पत्त्यात. 'रस्ता ओलांडावा लागत नाही' हे वहिनीचं. मला सुचलं नसतं. पण आठवीच्या मुलाची आई आधी हेच बघते, यशाची परंपरा नंतर. फोटो गेटचा, वहिनीच्या फोनवर काढलेला, थोडा तिरका. फोन नंबर गुगलच्या पोस्टच्या मजकुरात घालत नाही, तिथे त्यावरून पोस्ट नाकारली जाऊ शकते. कॉलचं बटण असतं, ते लावायचं. फेसबुकच्या गटात मात्र नंबर खुशाल द्या.

आता कुणी म्हणेल, अशा पोस्टने नोंद वर चढते का? फार नाही, हेही खरं. पोस्ट आपल्याला यादीत वर नेत नाही, यादीत दिसलेल्याला दारापर्यंत आणते. मला तेवढं पुरे.

आणि कृपा करून स्वतःच्या घरात बसून स्वतःचा क्लास शोधू नका. मी महिनाभर रोज शोधायचे, रोज पहिला नंबर, रोज आनंद. मी त्या खुणेवरच बसलेली, मला दुसरं कोण दिसणार? दोन थांबे पलीकडे राहणाऱ्या मैत्रिणीला शोधायला सांगितलं तर आम्ही पहिल्या पाचातही नव्हतो. नोंदीच्या आकडेवारीत लोकांनी कुठले शब्द टाकले आणि किती जणांनी रस्ता विचारला ते दिसतं, ते बघा. वहिनी त्याहून सोपं करते. नवीन पालक आले की "कुठून कळलं?" विचारते आणि हजेरीच्या वहीत समासात लिहून ठेवते. गेल्या वर्षीच्या त्या पानावर लिहिलंय, 'गच्चीवरचे कपडे'.

पोस्ट चार वाजता टाकली. फेसबुकच्या गटात पहिली कॉमेंट सहा मिनिटांत: 'हिरवं गेट म्हणजे कुत्रा असलेलं की त्याच्या समोरचं?' मी वहिनीकडे बघितलं, वहिनी माझ्याकडे. गल्लीत हिरवी गेटं दोन आहेत, इतक्या वर्षांत लक्षातच आलं नव्हतं. पोस्ट दुरुस्त केली. 'हिरवं गेट, कुत्रा नसलेलं.'