रंगाचे पैसे म्हणे!

आज सकाळी भाचीचा रत्नागिरीहून फोन. खोली सोडली, डिपॉझिट ३०,००० होतं, मालकांनी १८,००० पाठवले. कापले ते असे: रंग ९,०००, साफसफाई १,५००, लाईटबिल १,५००. चहा घशाखाली उतरेना माझ्या.

कोकणात जुलैत भिंत ओली होते ती काय भाडेकरू बादली ओततो म्हणून?

माझंही असंच झालं होतं. लग्नानंतरचं पहिलं भाड्याचं घर, डिपॉझिट रोख दिलेलं, पावती नाही. पश्चिमेच्या भिंतीला पोपडे आले तेव्हा मालकांना जिन्यात तोंडी सांगितलं. "बघू हो वहिनी," म्हणाले. सोडताना तीच भिंत माझ्या नावावर! ८,००० गेले. जिन्यातलं बोलणं दाखवणार कुणाला?

भाची शहाणी निघाली. राहायला आली त्या दिवशीच तिने भिंती, नळ, खिडक्या, मीटर असा सगळा व्हिडिओ काढून मालकांना व्हॉट्सअॅपवर धाडला होता. डिपॉझिट बँकेतून दिलं. आणि मुख्य म्हणजे जुलैत ओलीचा फोटो पाठवून "दादा, पाणी झिरपतंय" असं लिहिलं होतं. मालकांचं उत्तर, "पाऊस गेल्यावर बघतो." म्हणजे ठाऊक होतं की! शिवाय फोटोत डाग फक्त बाहेरच्या भिंतीला, खिडकीखाली. आतल्या भिंती कोरड्या. पाणी बाहेरून आलं हे शेंबडं पोरही सांगेल.

बरं, मालकांचंही थोडं खरं. न्हाणीघरातला आरसा तिच्याच हातून फुटला, त्याचे ७०० द्यायलाच हवेत. कोणी भिंतीला खिळ्यांची चाळण केली, तर ते बुजवायचा खर्चही त्याचाच. पण वापराने फिका पडलेला रंग? तो भाड्यातच आला ना!

लाईटबिलाचं तर हसूच आलं. शेवटच्या बिलावर रीडिंग ४,८१२, चावी दिली त्या दिवशीच्या फोटोत ४,८७६. चौसष्ट युनिट. आधीच्या बिलांच्या मानाने ५००. दीड हजार कुठून आले?

तिला म्हटलं, भांडू नको, लिही. "आरसा ७००, लाईट ५००, एकूण १,२०० मान्य. बाकी १०,८०० द्या, नाहीतर रंगाऱ्याचं बिल दाखवा." करार नोंदवलेला आहे, डिपॉझिटचा आकडा त्यात आहे. नसता, तरी नोंदणीची जबाबदारी मालकाचीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार नोंदवला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. मला तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर!

तशी ती मालकीणबाई गणपतीत मोदक पाठवायची हो भाचीला. वाईट नाहीत माणसं. पण मोदक वेगळे, ९,००० वेगळे.

आत्ता साडेसातला मालकांचा मेसेज आलाय, "साफसफाईचे तरी ठेवू दे." मी कळवलंय, झाडून-पुसून दिल्याचा व्हिडिओ पाठव.